मेल रिकामा, मागणी सब्जेक्टमध्ये: ती वाचायची कशी?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या ऑफिसला मी मेल बघते. पुण्याच्या दोन-तीन गिऱ्हाइकांचे मेल असे येतात की वर सब्जेक्टमध्ये काहीतरी लिहिलेलं असतं आणि उघडलं की आत काहीच नाही. ‘मेल रिकामा आलाय, परत पाठवा’ असं कळवलं की ते चिडतात. मालकही म्हणतात, सारखं विचारू नको. अंदाजानं उत्तर दिलं तर ते चुकतं. असा मेल नेमका कसा वाचायचा?

उत्तर:

गिऱ्हाईक चिडतं त्याला कारण आहे. त्याच्या दृष्टीनं मेल रिकामा नसतोच. त्याला सांगायचं होतं ते त्यानं सब्जेक्टमध्ये सांगून टाकलेलं असतं. परचेसचा माणूस असेंब्ली लाइनवर उभा असतो, एका हातात फोन, समोर कोणीतरी ‘माल कधी येणार’ म्हणून ओरडतंय. तो एक ओळ लिहितो आणि पाठवतो. नियमालाही ते चालतं. ईमेलची रचना ठरवणाऱ्या २००८ च्या आरएफसी ५३२२ प्रमाणे मेलमध्ये मजकूर असणं ऐच्छिक आहे. सक्ती आहे ती फक्त तारखेची आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्याची. त्यामुळं आत काही नसलेला मेल हा बिघडलेला मेल नव्हे. काही जण सब्जेक्टच्या शेवटी `EOM` लिहितात, म्हणजे निरोप इथंच संपला, उघडायची गरज नाही. `NRN` असेल तर उत्तरही नको आहे. आपल्याकडं ही अक्षरं फार कोणी लिहीत नाही, पण परदेशी कंपन्यांशी पत्रव्यवहार असलेल्या खरेदी विभागांकडून कधी कधी येतात.

सब्जेक्टला मागणी मानण्याआधी मात्र दोन गोष्टी तपासायच्या. मेल खरंच रिकामा आहे का, आणि तो सब्जेक्ट त्या माणसानं आत्ता स्वतः लिहिला आहे का. अंदाज चुकतात ते बहुतेक इथंच, वाचण्यात नाही.

पहिली तपासणी. जीमेलमध्ये उत्तर म्हणून आलेला मेल उघडला की जुना मजकूर आपोआप दुमडला जातो आणि खाली तीन ठिपक्यांचं छोटं बटण राहतं. पुष्कळ माणसं आपल्या जुन्या मेलच्या मधेच, प्रत्येक प्रश्नाखाली, लाल अक्षरांत उत्तरं लिहितात. वर काहीच लिहीत नाहीत. तुम्हाला मेल कोरा दिसतो, आणि उत्तरं त्या तीन ठिपक्यांच्या मागं असतात. अशा वेळी ‘रिकामा आलाय’ म्हटलं तर समोरच्याचं डोकं फिरणारच. म्हणून ठिपके दिसले की आधी ते दाबायचे.

दुसरा प्रकार चित्राचा. ड्रॉइंगचा किंवा एक्सेलच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट मेलमध्ये चिकटवलेला असतो आणि आपल्या बाजूला चित्रं दाखवणं बंद असतं. तिसरा प्रकार `winmail.dat` नावाच्या फाइलचा. पाठवणाऱ्याच्या आउटलुकमध्ये मेल ‘रिच टेक्स्ट’ पद्धतीनं जात असला की त्याचं ड्रॉइंग या फाइलच्या पोटात बंद होऊन येतं आणि दुसऱ्या प्रोग्रामला ते उघडता येत नाही. त्यावर उपाय समोरच्याकडं आहे: मेलचा फॉरमॅट एचटीएमएल किंवा प्लेन टेक्स्ट करून परत पाठवायला सांगायचं. हे सांगताना ‘रिकामा आला’ न म्हणता ‘ड्रॉइंग winmail.dat मध्ये अडकून आलंय’ असं सांगितलं की त्यांच्या आयटीच्या माणसाला लगेच समजतं.

शंका राहिलीच तर संगणकावर जीमेलमध्ये मेलच्या उजव्या कोपऱ्यातले तीन उभे ठिपके दाबून `Show original` उघडा. वरती पत्ते, तारखा वगैरेच्या ओळी असतात. मग एक मोकळी ओळ येते आणि त्याखाली मजकूर. त्या मोकळ्या ओळीखाली यंत्राच्या खुणा सोडून काहीच नसेल, किंवा फक्त ‘हा मेल गोपनीय आहे’ छापाची कंपनीची सूचना असेल, तर मेल रिकामा म्हणायला हरकत नाही. खाली ‘Sent from my iPhone’ एवढंच असेल तरी तो रिकामाच. पण ती ओळ कामाची आहे: माणूस फोनवर आहे, टेबलावर नाही. तुमचं उत्तरही तो फोनवरच, घाईत वाचणार.

आता दुसरी तपासणी, जी लोक सहसा करत नाहीत. सब्जेक्ट दिसतोय म्हणजे तो त्यानं लिहिलाय असं नाही. `Re:` नं सुरू होणारा आणि जुन्याच शब्दांचा सब्जेक्ट हा मागच्या मेलकडून वारशानं आलेला असतो. त्याला तुमचा पत्ता हवा होता, म्हणून त्यानं चार महिन्यांपूर्वीचा कुठलाही मेल उघडून उत्तर दाबलं, फाइल जोडली आणि पाठवून दिलं. सब्जेक्ट म्हणतोय ‘मार्चचं पेमेंट’, आणि आत आहे नव्या पार्टचं ड्रॉइंग. इथं सब्जेक्ट वाचून पेमेंटचा हिशेब पाठवला तर दोघांचाही वेळ जातो. मागणी जोडलेल्या फाइलमध्ये आहे. `Fwd:` असेल तर मागणी आतल्या, पुढं ढकललेल्या मेलमध्ये आहे. तो मेल कोणी कोणाला लिहिला होता आणि त्यात शेवटचं वाक्य काय आहे, ते बघायचं.

यंत्रानं लिहिलेले सब्जेक्ट हा आणखी एक सापळा. ऑफिसातल्या स्कॅनरवरून थेट पाठवलेल्या मेलला सब्जेक्ट स्कॅनरच देतो. विंडोजमधून फाइलवर राइट-क्लिक करून पाठवलं की `Emailing:` आणि पुढं फाइलचं नाव असा सब्जेक्ट बनतो. फोनवरून फाइल शेअर केली की कधी कधी फाइलचं नावच सब्जेक्ट होतं. या सगळ्यांत पाठवणाऱ्यानं एक शब्दही लिहिलेला नसतो. मागणी कागदात शोधायची, आणि कागद परचेस ऑर्डर आहे की नुसती चौकशी, हे त्या कागदाच्या मथळ्यावरून ठरवायचं.

याच्या मधला एक प्रकार फार उपयोगी आहे. `Show original` मध्ये वरच्या ओळींत या दोन ओळी शोधा:

```
In-Reply-To:
References:
```

या ओळी असतील तर तो मेल बहुतेक जुन्या मेलला उत्तर म्हणून लिहिलेला आहे. आणि तरीही सब्जेक्ट नवा असेल, तर त्या माणसानं मुद्दाम जुना सब्जेक्ट पुसून नवा लिहिला. अशा वेळी सब्जेक्ट ही मागणी आणि जुना मेल हा तिचा संदर्भ. ‘त्याच पार्टबद्दल बोलतोय’ हे त्यानं न लिहिता सांगितलंय. गंमत अशी की सब्जेक्ट बदलल्यामुळं जीमेल हा मेल जुन्या साखळीतून तोडून वेगळा दाखवतं, म्हणून वरवर बघताना संदर्भ हरवतो. शिपाई, मालक, अकाउंटंट सगळे एकच मेलबॉक्स बघत असतील तर हे हमखास निसटतं.

अक्षरांबद्दलही थोडं. मराठीत लिहिलेला सब्जेक्ट कधी कधी असा दिसतो:

```
=?UTF-8?B?4KSm4KSw?=
```

हा बिघाड नाही. इंग्रजीखेरीज इतर अक्षरं सब्जेक्टमध्ये अशीच बांधून पाठवली जातात. जुना प्रोग्राम ती गाठ सोडत नाही एवढंच. वरच्या ओळीत ‘दर’ हा शब्द आहे. तोच मेल जीमेलमध्ये किंवा दुसऱ्या फोनवर उघडला की वाचता येतो. पण सब्जेक्टमध्ये नुसती `????` अशी रांग असेल तर अक्षरं वाटेतच गेली. ती कुठंही उघडून परत येत नाहीत, तिथं विचारण्याला पर्याय नाही.

आणि सब्जेक्ट यादीत वाचू नका, मेल उघडून वाचा. फोनच्या यादीत पहिले काही शब्दच दिसतात आणि आपल्या लोकांची सवय अशी की तारीख आणि संख्या शेवटी लिहायची. सब्जेक्ट ‘for’, ‘by’, ‘साठी’, ‘आणि’ अशा शब्दावर संपत असेल तर मेल अर्धवट सुटलाय. आउटलुक आणि जीमेल दोन्हीत कंट्रोल आणि एंटर एकदम दाबलं की मेल जातो, त्यामुळं असं घडतं. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुरा मेल मागून येतो. लगेच ‘काय म्हणायचंय?’ विचारलं तर त्याला दोन मेलना उत्तर द्यावं लागतं.

हे सगळं नसेल, म्हणजे मेल खरंच रिकामा आणि सब्जेक्ट खरंच त्यानं लिहिलेला, तर मग ती ओळ नीट वाचायची. तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊ. अकरा तारखेला संध्याकाळी हा मेल आला, जोडलेली फाइल नाही:

```
4512 rev C 500 nos FG260 rate by 15
```

आधी क्रियापद शोधा. इथं ते काम ‘रेट’ हा शब्द करतो. म्हणजे मागणी दराची आहे, मालाची नाही. ऑर्डर नाही, म्हणून कास्टिंग मागवायचं नाही, मशीन अडवून ठेवायचं नाही. ‘अर्जंट’, ‘इम्पॉर्टंट’, ‘काइंडली’ हे शब्द असते तरी त्यांनी काही ठरलं नसतं. ते सूर सांगतात, काम सांगत नाहीत. क्रियापद सापडलंच नाही, म्हणजे सब्जेक्ट नुसता ‘4512 pending’ असा असेल, तर तो कोणाकडून आला त्यावरून दिशा ठरते. गिऱ्हाइकाकडून ‘पेंडिंग’ आलं की अर्थ ‘माल कधी देता?’ हीट ट्रीटमेंटवाल्याकडून आलं की अर्थ ‘तुमचा माल आमच्याकडं पडून आहे, न्या’ किंवा ‘बिल राहिलंय’. ‘Balance 180 nos’ हाही तसाच. गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा १८० नग आपण द्यायचेत. जॉबवर्कवाला म्हणतो तेव्हा १८० नग त्याच्याकडं शिल्लक आहेत. शब्द तेच राहतात, देणारा-घेणारा उलटा होतो. म्हणून पाठवणाऱ्याचं नाव हाही सब्जेक्टचाच भाग समजून वाचायचा.

मग ‘by 15’. पंधरापर्यंत काय हवंय, दर की माल? ओळीत ‘by 15’ हे ‘rate’ ला चिकटून आलंय, ‘500 nos’ ला नाही. शिवाय मेल अकराला संध्याकाळी आलाय. पाचशे कास्टिंग ओतून, थंड करून, फेटलिंग करून, मशीनवर काढून चार दिवसांत पुण्याला पोचणार नाहीत, हे परचेसच्या माणसाला तुमच्याइतकंच माहीत असतं. तेव्हा पंधरा ही कोटेशनची तारीख. दोन अर्थ निघत असतील तिथं कामाच्या हिशेबात अशक्य असलेला अर्थ आधी काढून टाकायचा, उरलेला बहुतेक वेळा बरोबर असतो. हाच मेल एक तारखेला आला असता तर मात्र दोन्ही अर्थ जिवंत राहिले असते आणि विचारावं लागलं असतं.

आता मागचं कोटेशन काढा. समजा त्यात ४५१२ चं ड्रॉइंग रिव्हिजन बी आहे, मटेरियल एफजी २२०, संख्या २०० नगांचा लॉट. सब्जेक्ट आणि जुनं कोटेशन शेजारी ठेवलं की मेल का आला तेच समजतं: तीन गोष्टी बदलल्यात. हा मेल ‘दर द्या’ असा नसून ‘या तीन बदलांनंतरचा दर द्या’ असा आहे. जुना दर तसाच पाठवणं ही इथली नेहमीची चूक, कारण पार्ट नंबर ओळखीचा दिसतो आणि कोटेशनची फाइल तयार असते.

मटेरियलचा बदल लहान वाटतो, पण नाही. एफजी २२० आणि २६० हे आयएस २१० मधले करड्या बिडाचे दर्जे आहेत आणि तो आकडा किमान ताणशक्तीचा आहे, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. २६० साठी फाउंड्रीला चार्ज बदलावा लागतो, स्टील स्क्रॅप वाढवावं लागतं, कार्बन आणि सिलिकॉन खाली ठेवावं लागतं. तुमच्या मशीनवर ते बीड जास्त कडक लागतं, इन्सर्ट लवकर बसतात. म्हणजे फाउंड्रीचा किलोचा दर नव्यानं विचारायचा आणि टूलचा खर्चही वाढवून धरायचा. हे तुम्ही ऑफिसला बसून ठरवायचं नाही. पण फोरमनला ‘४५१२ चा दर हवाय’ एवढंच न सांगता ‘४५१२ आता एफजी २६० मध्ये मागितलाय’ असं सांगायचं. सब्जेक्टमधला एक शब्द गाळला तर खाली चुकीचा हिशेब होतो.

संख्येचा परिणामही दाखवून देतो. एका लॉटच्या सेटिंगला समजा ६००० रुपये धरले. २०० नगांवर ते वाटले तर नगाला ३० रुपये पडतात, ५०० वर १२ रुपये. पण पाचशे एकदम घेणार की महिन्याला शंभर करून पाच महिने? शंभराच्या लॉटला नगाला ६० पडतात. सब्जेक्टमध्ये नुसतं ‘500 nos’ आहे. हे तुम्ही धरून चालू शकता, पण काय धरलं ते उत्तरात लिहावं लागेल.

रिव्हिजन सी ची गोष्ट वेगळी. ती धरून चालता येत नाही. बी आणि सी मध्ये एक भोक वाढलंय की सगळी जाडी बदलली, हे ड्रॉइंगशिवाय कळणार नाही. आकार बदलला असेल तर पॅटर्नलाही हात लावावा लागेल आणि त्याचा खर्च वेगळा. आधी आपल्याकडं शोधा: तुमचा मेलबॉक्स, मालकांचा मेल, त्यांच्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप आणि गिऱ्हाइकाचं सप्लायर पोर्टल असेल तर ते. बऱ्याच वेळा ड्रॉइंग आलेलं असतं, फक्त दुसऱ्या वाटेनं. कुठंच नसेल तर हाच तुमचा प्रश्न. एकच.

मालक ‘विचारू नको’ म्हणतात ते ‘तुम्हाला काय हवंय?’ या प्रश्नाला कंटाळून. त्या प्रश्नात सगळं काम समोरच्यावर परत जातं. ‘रिव्हिजन सी चं ड्रॉइंग पाठवा’ याला कोणी चिडत नाही, कारण त्यातून दिसतं की बाकीचं तुम्ही वाचलंय. उत्तर साधारण असं:

> साहेब, ४५१२ चं रिव्हिजन सी ड्रॉइंग पाठवावं, आमच्याकडं बी आहे.
>
> दर १४ तारखेला दुपारपर्यंत पाठवतो. तो असा धरून काढतोय: ५०० नग एकाच लॉटमध्ये, मटेरियल एफजी २६०, मशीनिंगसह, आमच्या गेटवर. बाकी अटी मागच्या कोटेशनप्रमाणे. यात काही वेगळं असेल तर कळवावं.
>
> सी ड्रॉइंग १३ पर्यंत मिळालं नाही तर बी वरून दर देतो, पण तो अंदाजी राहील.

क्रम मुद्दाम असा ठेवलाय. फोनच्या सूचनेत पहिलीच ओळ दिसते, म्हणून त्याच्याकडून जे हवंय ते तिथं. ‘आपला मेल मिळाला, धन्यवाद’ तिथं घातलं तर ड्रॉइंगची मागणी न उघडताच राहते. मग तुम्ही काय करताय आणि कधीपर्यंत. मग काय धरलंय. ‘मशीनिंगसह’ आणि ‘आमच्या गेटवर’ हे सब्जेक्टमध्ये नव्हतं, पण दराला त्यानं मोठा फरक पडतो, म्हणून जुन्या कोटेशनवरून घेऊन उघड लिहिलंय. शेवटी ड्रॉइंग आलं नाही तर काय होईल ते. सब्जेक्ट होता तसाच ठेवायचा. त्यात शब्द वाढवले तर साखळी तुटते, आणि तो माणूस उद्या तुमचं उत्तर स्वतःच्याच शब्दांनी शोधणार असतो.

बारा तारखेच्या दुपारपर्यंत काही आलं नाही तर फोन करा. फोनवरही ‘मेल रिकामा होता’ हा विषय काढू नका. ड्रॉइंगच मागा. फोनवर आणखी काही ठरलं, समजा ‘शंभर-शंभरनं घेणार’ असं कळलं, तर ते दोन ओळींत त्याच मेलला उत्तर म्हणून लिहून पाठवा. तोंडी बदल मेलमध्ये नसेल तर त्या कोटेशनवर दोन महिन्यांनी वाद होतो.

इथवर दराचं झालं. दर चुकला तर दुरुस्त करता येतो, म्हणून सब्जेक्टवर विसंबून पुढं जायला हरकत नाही. पण सगळे सब्जेक्ट असे नसतात. निकष एकच ठेवा: सब्जेक्टचा अर्थ चुकीचा लावला आणि तसं केलं, तर ते परत फिरवता येईल का? ‘ok proceed 500’ असा रिकामा मेल आला तर स्टॉक बघा, फाउंड्रीला तारीख विचारा, मशीनचा मोकळा वेळ शोधा. हे सगळं मागं घेता येतं. पण कास्टिंग ओतायला सांगू नका. ओतलेलं बीड परत वितळवण्याचा खर्च कोणाच्या नावावर टाकणार? आधी दर, संख्या आणि रिव्हिजन लिहून ‘याप्रमाणे परचेस ऑर्डर पाठवावी’ असं उत्तर द्या. असा मेल अगदीच हलका समजू नका मात्र. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे, करार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणावरून तो अवैध ठरत नाही. म्हणजे तुमच्या कोटेशनवर सब्जेक्टमध्ये आलेला होकारही होकार मानला जाऊ शकतो. गप्प बसून ‘आम्हाला वाटलं नुसतीच चौकशी’ म्हणण्यापेक्षा त्याच दिवशी लेखी उत्तर गेलेलं बरं.

‘hold dispatch’ किंवा ‘stop 4512’ आलं तर वागणं उलटं. इथं आधी थांबवा, मग विचारा. गाडी गेटवर दोन तास थांबली तर फार काही बिघडत नाही. ती किणी टोलनाक्याच्या पुढं गेली की परत बोलवण्याचं भाडं आणि बदललेली कागदपत्रं दोन्ही आलं. पण थांबवायचं तेवढंच थांबवा. ‘stop 4512’ चा अर्थ ‘डिस्पॅच थांबवा’ आहे, ‘मशीनिंग थांबवा’ आहे की ‘पार्टच बंद झालाय’, हे फोन करून विचारायचं, आणि तोवर मशीनवर बांधलेला लॉट उतरवायचा नाही.

आणि पैशांचा एक प्रकार आहे ज्यात सब्जेक्टला मागणी मानायचंच नाही. ‘नवीन बँक खातं, पुढचं पेमेंट यावर’ असा सब्जेक्ट, आत फक्त एक पीडीएफ. कास्टिंगवाल्याच्या नावानं आला तरी मेलला उत्तर देऊन खात्री करायची नाही, कारण उत्तर त्याच माणसाकडं जातं. जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. अनोळखी पत्त्यावरून नुसता ‘hello’ किंवा ‘are you available’ असा रिकामा मेल आला तर उत्तरच देऊ नका. असे मेल पुष्कळदा पत्ता चालू आहे का हे बघायला पाठवतात.

नोंद ठेवायची सोपी पद्धत म्हणजे चौकशीच्या एक्सेलमध्ये दोन वेगळे रकाने. एकात सब्जेक्ट जसाच्या तसा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट चिकटवायचा. दुसऱ्यात आपण लावलेला अर्थ. दोन्ही एकाच रकान्यात लिहिले की महिन्यानं गिऱ्हाईक काय म्हणालं होतं आणि आपण काय समजलो, हे वेगळं काढता येत नाही. एखाद्या गिऱ्हाइकाच्या दहा-बारा ओळी झाल्या की त्याची लिहायची पद्धतही दिसते. एखादा ‘by’ नेहमी डिलिव्हरीसाठीच वापरतो, एखादा संख्या नेहमी महिन्याचीच लिहितो. मग पुढच्या वेळी तेवढा प्रश्नही टळतो.

आत्तापर्यंत असे किती मेल निसटले हे बघायचं असेल तर जीमेलमध्ये शोधताना पत्त्याच्या जागी गिऱ्हाइकाचा पत्ता घालून असं लिहा:

```
from:(पत्ता) smaller:20K -has:attachment
```

रिकामा मजकूर थेट शोधण्याची सोय जीमेलमध्ये नाही, म्हणून आकारानं छोटे मेल काढायचे. यात दोन-चार ओळींचे साधे मेलही येतील, आणि ज्यांच्या सहीत कंपनीचा लोगो आहे त्यांचे रिकामे मेल यातून सुटतील, कारण लोगोनं आकार वाढतो. तशा गिऱ्हाइकांसाठी 20K च्या जागी त्यांच्या एखाद्या रिकाम्या मेलच्या आकाराहून थोडा मोठा आकडा घाला. स्पॅमचं फोल्डर मात्र वेगळं उघडून बघा, कारण साध्या शोधात तिथले मेल येत नाहीत.